अडीच तास उसने

बदलापुरातला कुठलाही संसार थोडाफार लांब पल्ल्याचाच असतो. कात्रपहून शेअर रिक्षानं स्टेशन गाठायचं, तिथून सीएसएमटी ६८ किलोमीटर, आणि संध्याकाळी तेवढंच परत. नोकरीच्या दिवसांत आमचे हे मला जागे असे रविवारीच दिसायचे. एका घरात राहून आम्ही एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा चिठ्ठीवर दिलेल्या आहेत. चिठ्ठी डब्यात, पोळ्यांच्या फडक्याखाली. "आज वाढदिवस आहे तुमचा, लक्षात आहे ना? येताना श्रीखंड आणा." तेलाचे डाग पडलेल्या त्या कागदावर कोणी हळवं झाल्याचं मला आठवत नाही. कागद लहान आणि गाडी सुटायला पाच मिनिटं, अशात हळवं होणार कधी?

पुढे लेडीज डब्यात हे काम माझ्याकडेच आलं. डब्यात कुणाचा वाढदिवस असला की केक कुणीतरी मांडीवर सांभाळत आणायचा, कल्याण सुटलं की कापायचा, ठाण्याच्या आत संपवायचा, आणि कार्डावरच्या दोन ओळी काकूंनी लिहायच्या. निवृत्त झाले तशी ही कीर्ती माझ्या मागोमाग बिल्डिंगमध्ये आली. त्यामुळे तीनशे दोनची सून जूनमधल्या एका दुपारी मोबाईल पुढे करून म्हणाली, "काकू, जरा बघता का? त्याला पाठवायचंय," तेव्हा मी चष्मा शोधायला उठले.

'त्याला' म्हणजे तिच्या नवऱ्याला. मुलगा मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर आहे. जहाज मालवाहू, व्हँकूवरला धान्य भरून चीनकडे निघालेलं. लग्नाला दोन वर्षं झाली, त्यातलं अर्ध्याहून जास्त लग्न फोनवर झालं.

मेसेज मोठा होता. त्यात घर खायला उठत होतं, उशी ओली होत होती, तू असतास तर आपण कोंडेश्वरला गेलो असतो, तू असतास तर केक आणला असता, तू असतास तर पाऊससुद्धा वेगळा वाटला असता, आणि शेवटी "पण काळजी करू नकोस, मी ठीक आहे." खाली तीन रडके आणि एक हसरा चेहरा.

मी विचारलं, "हे वाचून त्यानं काय करायचं?"

"करायचं काय? वाचायचं."

"वाचून झाल्यावर?"

ती गप्प. माझी या कामातली कसोटी एवढी एकच आहे. मेसेज वाचून संपल्यावर समोरच्याच्या हाताला काय उरतं ते बघायचं. काही उत्तर द्यायचंय, काही ठरवायचंय, कुणाला रागवायचंय, असं काही उरत असेल तर मेसेज तरला. वाईट वाटून घेण्यापलीकडे काहीच उरत नसेल तर तो बुडाला, मग त्यात कितीही प्रेम असो. आणि हा मुलगा हे वाचणार कुठे? पॅसिफिकच्या मध्यावर. उशी ओली आहे म्हणून तो टॉवेल घेऊन येऊ शकत नाही.

'तू असतास तर' हे तर सगळ्यात फसवं. बायको समजते आपण प्रेम कळवतोय. नवरा वाचतो ती आपल्या गैरहजेरीची यादी. एक 'असतास तर' खपून जातो, तिसऱ्याला माणसाला आपण गुन्हेगार आहोत असं वाटायला लागतं. "काळजी करू नकोस" वाचून तर आजवर एकही माणूस काळजी करायचा थांबलेला नाही. तोवर जो करत नव्हता, तोही त्या वाक्यापासून सुरू करतो.

बिचारी हिरमुसली. संध्याकाळी दुसरा मजकूर घेऊन आली. आता त्यात उशीही नव्हती आणि नवराही नव्हता. फुगे, केक, फटाके, "हॅपीवाला बर्थडे हिरो, पार्टी पेंडिंग!" असला मजकूर होता. हा तिच्या नवऱ्याला, दिराला, जिमच्या ट्रेनरला, कुणालाही चालला असता. दुःख टाळायचं म्हणून माणसानं आठवणच लपवली की असं होतं. वाचणाऱ्याला वाटतं, माझ्यावाचून यांचं मस्त चाललंय. आणि परक्या समुद्रावर पहाटे चार वाजता ते वाटणं पहिल्या मजकुराइतकंच बोचतं.

"पहाटे चार का?" तिनं विचारलं.

ही माहिती तिनंच मला कधीतरी दिली होती. जहाजावर सेकंड ऑफिसरची ड्यूटी बहुतेक ठिकाणी बारा ते चार असते, दुपारी बारा ते चार आणि रात्रीही बारा ते चार. रात्रीच्या वॉचला ब्रिजवर अंधार ठेवतात, मोबाईल बघायची सोय नाही. चारला वरिष्ठाच्या हाती जहाज देऊन मुलगा केबिनमध्ये येतो, बूट काढतो आणि मग फोन उघडतो. त्या वेळी तो एकटा असतो, दमलेला असतो, आणि झोप यायची असते. मेसेज लिहायचा तो या माणसासाठी. केक कापतानाच्या, टाळ्या वाजत असलेल्या माणसासाठी लिहून उपयोग नाही.

तेव्हा तिनं खरी अडचण सांगितली, आणि मी खुर्चीत सरसावून बसले.

"काकू, त्याचा वाढदिवस १४ जूनला. आणि त्याच्याकडे यंदा १४ जून नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"१३ नंतर डायरेक्ट १५."

व्हँकूवरहून चीन सुमारे पाच हजार सागरी मैल, धान्याच्या जहाजाला दोन-अडीच आठवडे लागतात. जहाज पश्चिमेकडे जात असतं, म्हणजे सूर्याच्याच दिशेनं. त्यामुळे ठरावीक दिवसांनी रात्री जहाजावरची घड्याळं एकेक तास मागे घेतात. चीनच्या वेळेला पोचेपर्यंत असं नऊ वेळा होतं. नऊ दिवस प्रत्येकी पंचवीस तासांचे. एवढी चैन कोणी फुकट देत नाही; मध्ये १८० अंशांच्या रेखावृत्तापाशी आंतरराष्ट्रीय वाररेषा येते आणि तिथे एक अख्खी तारीख जमा करावी लागते. कोणती तारीख गाळायची हे कॅप्टन ठरवतो. या कॅप्टननं १४ जून ठरवली. आणि घड्याळं, मार्गाचे नकाशे ही सगळी खाती परंपरेनं सेकंड ऑफिसरकडे. म्हणजे स्वतःचा वाढदिवस कॅलेंडरातून खोडायचं काम त्या मुलाच्याच वाट्याला आलं.

उलट दिशेनं, म्हणजे चीनकडून कॅनडाला, जात असता तर एकच तारीख दोनदा आली असती आणि पठ्ठ्यानं दोन केक खाल्ले असते. ज्यूल्स व्हर्नच्या ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या फिलिअस फॉगनं पूर्वेकडे जात असाच एक दिवस कमावला आणि पैज जिंकली. त्या १८७३च्या पुस्तकात फॉगची आगगाडी आपल्या कल्याणला येते. तिथून एक फाटा खंडाळ्याकडे, पुण्याकडे जातो असंही व्हर्न नोंदवतो. तो फाटा म्हणजे आमची लाईन. साहेब मात्र दुसऱ्या फाट्यानं गेले. बदलापूरची गाडी कल्याणला सोडून देणारा तो पहिला प्रवासी नसावा आणि शेवटचा तर नाहीच नाही.

सूनबाईंना मात्र फॉगमध्ये रस नव्हता. "म्हणजे मी विश करू कधी? १३ ला केलं तर आगाऊ, १५ ला केलं तर उशिरा."

मग आम्ही दोघी वहीत हिशेब मांडायला बसलो. मला अशा हिशेबांची जुनी हौस आहे, चार गाड्यांचं टाइमटेबल जुळवत आयुष्य गेलंय. रेषेच्या अलीकडे जहाजाची घड्याळं आपल्यापेक्षा साडेसतरा तास मागे. त्याची १३ तारीख मध्यरात्री संपेल तेव्हा कात्रपला १४ तारखेची संध्याकाळ, साडेपाच. त्या क्षणी त्याच्याकडे १५ लागणार आणि तो आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे जाणार. म्हणजे आपल्याकडे शाळेच्या बसमधून पोरं उतरत असतील, तेव्हा तिकडे याचा वाढदिवस न होताच संपलेला असेल, आणि नेमक्या त्याच ठोक्याला हा बारा-चारच्या वॉचला उभा राहील. वॉच संपवून चारला केबिनमध्ये येईल तेव्हा कात्रपला वाजलेले असतील साडेनऊ.

मी पेन्सिल खाली ठेवली. ती पण माझ्याकडे बघायला लागली. साडेनऊ म्हणजे कात्रपला १४ जून अजून शिल्लक होती! पूर्ण अडीच तास.

"झालं," मी म्हटलं, "तुझ्याकडे त्याला द्यायला वस्तू आहे."

वाढदिवस ही वस्तू त्याच्याकडे नाही आणि हिच्याकडे आहे. दूर राहणाऱ्या माणसाला द्यायला यापेक्षा चांगलं काय असणार? यात आठवण आपोआप आली आणि हुंदका आला नाही, कारण सांगायची गोष्ट आता 'तू इथे नाहीस' ही नव्हती. सांगायची गोष्ट 'तुझं इथे काहीतरी पडून आहे, घेऊन जा' ही होती. बाकीचा मजकूरही याच चालीवर न्यायचा ठरला. त्याच्या नावावर इथे काय काय पडून आहे, ते शोधायचं.

सगळ्यात आधी बाईक निघाली. ती पार्किंगमध्ये आच्छादनाखाली उभी असते आणि बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी तिला किक मारायचं काम सूनबाईंकडे आहे. ती आठ-दहा किका मारते, गाडी खोकते, पहिल्या मजल्यावरचे आजोबा खिडकीतून सूचना देतात. हे मेसेजमध्ये घ्यायलाच हवं होतं. नवऱ्याची गैरहजेरी यात पुरेपूर आहे, पण त्याला यावर मत असणार. पुरुषाला बाईकवर मत द्यायला मिळालं की त्याचा एकटेपणा निम्मा उतरतो, हे मी अनुभवानं सांगते.

दुसरं निघालं जांभूळ. जूनच्या सुरुवातीला बदलापूर स्टेशनबाहेर आदिवासी बाया पानांच्या द्रोणातून जांभळं घेऊन बसतात. फळ टपोरं, पण मोसम थोडका. मोठा पाऊस लागला की संपलाच. त्याला जांभळं फार आवडतात, आणि ती ठेवून टिकत नाहीत. "त्याच्यासाठी ठेवता येत नाहीत म्हणून मी यंदा घेतलीच नाहीत," असं ती सांगायला लागली आणि मी तिला तिथेच थांबवलं. न खाल्लेल्या जांभळांचं वाक्य लिहिलंस तर तो तिकडे उपाशी झोपेल. द्रोण आण, त्याच्या वाटणीची खा, जांभळी झालेली जीभ बाहेर काढ आणि फोटो पाठव.

"शी! वाढदिवसाला जीभ?"

"तीच. गुलाबाचा फोटो त्याला कुणीही पाठवेल."

काय वगळायचं यावर मात्र बराच वाद झाला. तिला "आता फक्त इतके दिवस राहिले" असा आकडा घालायचा होता. पण जहाजावरच्या माणसाची सुटका ठरल्या दिवशी होतेच असं नाही. बदली माणूस वेळेवर पोचत नाही, बंदर बदलतं, तारीख पुढे जाते. मेसेजमधला आकडा मात्र तसाच राहतो आणि नंतर तो वचनासारखा टोचतो. म्हणून आकडा काढला आणि गणपती घातले. गणपतीला आलास तर आलास, नाहीतर आरतीला आजोबांचा आवाज ऐकावा लागेल, एवढंच. सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणंही तिनं घातलं होतं. ते मी काढायला लावलं. त्याच्यापासून लपवायचं नाही. पण ते १६ तारखेला फोनवर सांगायचं, डॉक्टर काय म्हणाले त्यासकट. ज्यावर त्याला तिथून काही करता येत नाही, ते पहाटे चार वाजता त्याच्या उशाशी ठेवू नये.

आणि एक वाक्य सरळ लिहायचं. आडवळण नको, विनोद नको. "आठवण येते" हे सबंध मेसेजमध्ये एकदाच, आणि मधोमध. शेवटी ठेवलं तर ते कानात घुमत राहतं आणि माणूस त्याच्यावरच झोपतो. मधे ठेवलं की त्याला ते मिळतं, आणि पुढच्या ओळीत बाईक त्याला पुढे नेते.

मजकूर १२ तारखेलाच तयार झाला. तिला तो तेव्हाच शेड्यूल की काय ते करून टाकायचा होता. मी म्हटलं, रात्रभर राहू दे. हा माझा नियम लेडीज डब्यातल्या राजीनाम्यांपासूनचा आहे. पूर्वी ही सोय टपालच करत असे. आमच्या शेजारच्या कल्याणला ३१ मार्च १८६५ला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी अठरा वर्षांच्या झाल्या आणि आठवड्याभरात, ७ एप्रिल १८८३ला, कलकत्त्याहून जहाजात बसल्या. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. गोपाळराव इकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला, तेही टपाल खात्यातच नोकरीला. पत्र जायला महिनाभर, उत्तर यायला महिनाभर. एखाद्या दिवशी मन खट्टू होऊन लिहिलेलं पत्र समोरच्याच्या हाती पडेपर्यंत लिहिणारी व्यक्ती ते विसरूनही गेलेली असणार, आणि समजूत घालणारं उत्तर येईल तेव्हा ती कुठल्या तरी परीक्षेच्या गडबडीत. वाढदिवसाचं पत्र मार्चअखेरीस पोचावं असं वाटत असेल तर फेब्रुवारीतच बसून आनंदी व्हायला लागायचं! आता मेसेज दोन सेकंदांत जातो, निवायला वेळच मिळत नाही. तो आपणच काढावा लागतो.

रात्रभर ठेवल्याचा फायदा झाला. सकाळी तिनं स्वतःच दोन विशेषणं आणि सगळे रडके चेहरे काढले. जहाजावर आता उपग्रहाचं इंटरनेट असतं, पण डेटा प्रत्येकाला मोजून मिळतो, म्हणून व्हिडिओ टाळला आणि जिभेचा फोटो लहान करून जोडला. १४ तारखेला रात्री सव्वानऊला गेलेला मजकूर तिच्या परवानगीनं देते.

"वॉच संपली? बूट काढ आणि मग वाच. तुझ्या कॅलेंडरमधून आजची तारीख तूच खोडलीस म्हणे. त्यामुळे तुझं वय यंदा वाढलेलं नाही, माझं वाढलं, आणि हे मी लक्षात ठेवणार आहे. तुझ्या वाटणीची जांभळं खाल्ली, पुरावा सोबत जोडला आहे. मला तुझी खूप आठवण येते. तुझी गाडी मला दर रविवारी आठ किका मारायला लावते आणि आजोबा म्हणतात पेट्रोल जास्त होतंय. खरं आहे का? कुकनं केक १३ ला केला की १५ ला? ज्या दिवशी केला, तो आपण पुढच्या वर्षापासून धरू, फक्त मला कळव. गणपतीला आलास तर आरती तू म्हण, नाहीतर आजोबा म्हणणार, विचार कर. आणि ऐक, कात्रपला अजून १४ तारीख आहे. तुझा वाढदिवस इथे अडीच तास शिल्लक आहे. हवा तर उसना घे, परत करताना पूर्ण दिवस दे."

दहा वाजले, साडेदहा वाजले. ती दर पाच मिनिटांनी जिना उतरून मला "अजून नाही" सांगून जात होती. अकराच्या सुमारास वरून जोरात हाक आली आणि पाठोपाठ ती. उत्तर आलं होतं, आणि चांगलं लांबलचक होतं. केक १३ ला होणार होता, पण कुकनं अंडी दुसरीकडे वापरल्यामुळे शिरा झाला. तो चांगला झाला, बेदाणे होते. किक मारताना चोक ओढायचा असतो आणि ती तो ओढत नसणार, हे त्याला आठ किकांवरूनच कळलं. आजोबांना पेट्रोलमधलं काही कळत नाही. आरती तोच म्हणणार. अडीच तासांपैकी दीड त्यानं या उत्तरात घालवला होता. आणि खाली शेवटची ओळ होती: "जीभ बघितली. पण मागे बाथरूमच्या दाराजवळ ओलं दिसतंय. वॉशिंग मशीनचा पाईप परत सुटलाय का?"

ती धावत वर गेली. पाईप खरंच सुटला होता. तो बसवताना दोघांचं फोनवर जे भांडण झालं, डावीकडे फिरवायचा की उजवीकडे, ते मला दुसऱ्या मजल्यावर बाराला पाच मिनिटं कमी असेपर्यंत ऐकू येत होतं.